पावसाचा, शेतीचा आणि पाण्याचा दुष्काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस, मातीतली ओल, नदी आणि भूजल यांची मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक उत्तर दुसऱ्याला टेकलेलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतले आकडे हिशोब समजावण्यासाठी घेतले आहेत.

1. हवामानशास्त्रीय, कृषी आणि जलशास्त्रीय दुष्काळ म्हणजे नेमकं काय? तिघांत फरक काय?

फरक कमतरता कुठे मोजली जाते यात आहे. आकाशातून येणारं पाणी नेहमीपेक्षा कमी आलं, तर तो हवामानशास्त्रीय दुष्काळ, म्हणजे साध्या भाषेत अवर्षण. मुळांच्या थरात पिकाला लागते तेवढी ओल उरली नाही, तर तो कृषी दुष्काळ. नदी, तलाव, धरण किंवा विहीर यांतलं पाणी नेहमीच्या पातळीखाली गेलं, तर तो जलशास्त्रीय दुष्काळ.

म्हणून मोजण्याची एककंही वेगळी आहेत. पावसाचा दुष्काळ मिलिमीटरमध्ये आणि त्या आकड्याच्या दुर्मीळतेत मोजतात. शेतीचा दुष्काळ मुळांजवळ उरलेल्या पाण्यात आणि पिकावरच्या ताणाच्या दिवसांत मोजतात. पाण्याचा दुष्काळ घनमीटर प्रति सेकंद, साठ्याचं घनफळ किंवा विहिरीतल्या पाण्याची खोली यांत मोजतात. चौथा, सामाजिक-आर्थिक दुष्काळही मानला जातो. 1985 मध्ये विल्हाइट आणि ग्लांट्झ यांनी केलेल्या वर्गीकरणात हे चारही प्रकार आहेत. पण चौथा प्रकार पाण्याच्या मागणी-पुरवठ्याचा विषय असल्यामुळे या पानावर घेतलेला नाही.

2. वाळवंटात कायमच दुष्काळ असतो का?

नाही. कायमचा कमी पाऊस म्हणजे रुक्षता, आणि ती त्या जागेची प्रकृती आहे. दुष्काळ म्हणजे त्या जागेच्या स्वतःच्या नेहमीच्या स्थितीपासून झालेली घसरण. वर्षाला 100 मिमी पाऊस पडणाऱ्या जागी 100 मिमी पडला, तर तिथे दुष्काळ नाही. 2000 मिमीच्या जागी 1200 पडला, तर असू शकतो. म्हणूनच दुष्काळाचं जवळजवळ प्रत्येक मोजमाप त्याच जागेच्या जुन्या नोंदींशी तुलना करतं.

3. आधी पावसाचा, मग शेतीचा, मग पाण्याचा, असाच क्रम असतो का?

बहुतेकदा असतो, कारण पाणी त्याच वाटेने जातं. पाऊस थांबला की पहिल्यांदा मातीचा वरचा थर सुकतो. पीक खालची ओल ओढतं. पुढचा पाऊस आला तरी तो आधी माती भरून काढतो, त्यामुळे ओढे-नाले आणि नदीत कमी पाणी पोहोचतं. झिरपून खाली जाणारं पाणी सगळ्यात शेवटी उरतं, म्हणून भूजलाची घट सर्वांत उशिरा दिसते. मातीला काही दिवस ते काही आठवडे लागतात, नदीला आठवडे ते महिने, तर खोल भूजलाला कधी वर्षही लागतं.

या वाटेवर कमतरता नुसती पुढे सरकत नाही, तिचं रूपही बदलतं. लहानसहान पावसाचे खंड मातीतच जिरतात आणि नदीपर्यंत पोहोचत नाहीत. पावसाच्या नोंदीत जे चार तुटक कोरडे काळ दिसतात, ते भूजलात एकाच लांब, संथ दुष्काळासारखे दिसतात. त्यामुळे पावसाचे दुष्काळ संख्येने जास्त आणि लहान असतात, भूजलाचे कमी आणि लांब. क्रम मोडणारी उदाहरणं प्रश्न 9 आणि 15 मध्ये आहेत.

4. ‘सरासरीच्या 59 टक्के पाऊस’ एवढं पुरेसं नाही का? निर्देशांक कशाला हवा?

टक्केवारी समजायला सोपी आहे, पण दोन जागांची तुलना करताना ती फसवते. समजा, दोन ठिकाणी तीन महिन्यांची सरासरी 320 मिमी आहे आणि यंदा दोन्हीकडे 190 मिमी पडला. दोन्हीकडे टक्केवारी 59 येते.

पहिल्या ठिकाणी पाऊस दरवर्षी खूप कमी-जास्त होतो. सरासरीच्या साधारण 37 टक्के चढउतार तिथे नेहमीचाच आहे. दुसऱ्या ठिकाणी हा चढउतार 20 टक्क्यांचाच आहे. पहिल्या जागी 190 मिमी किंवा त्याहून कमी पाऊस साधारण साडेआठ वर्षांतून एकदा पडतो. दुसऱ्या जागी तो शंभर वर्षांतून एकदाच अपेक्षित आहे. प्रमाणित पर्जन्य निर्देशांक, म्हणजे एसपीआय, पहिल्या जागी उणे 1.2 च्या आसपास येतो आणि दुसऱ्या जागी उणे 2.3. टक्केवारी तीच, पण पहिला दुष्काळ मध्यम आणि दुसरा अतितीव्र.

एसपीआयच्या मूळ वर्गवारीत 0 ते उणे 0.99 सौम्य, उणे 1 ते उणे 1.49 मध्यम, उणे 1.5 ते उणे 1.99 तीव्र आणि उणे 2 किंवा त्याखाली अतितीव्र असं मानतात. मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट यांनी 1993 मध्ये तो मांडला. 2009 च्या लिंकन जाहीरनाम्यात हवामानशास्त्रीय दुष्काळासाठी सर्व देशांनी तो वापरावा अशी शिफारस झाली आणि जागतिक हवामान संघटनेने ती उचलून धरली.

5. एसपीआय स्वतः काढता येतो का? कसा?

येतो. साध्या स्प्रेडशीटमध्येही येतो. एकाच पर्जन्यमापकाच्या किमान 30 वर्षांच्या मासिक नोंदी हव्यात. 50 वर्षांच्या असतील तर उत्तम.

आधी कालखिडकी ठरवा, समजा तीन महिने. मग प्रत्येक वर्षासाठी त्याच तीन महिन्यांची बेरीज करा. जूनअखेरची बेरीज जूनअखेरच्या बेरजांशीच ताडायची, वेगवेगळे महिने एका रांगेत मिसळायचे नाहीत. शून्य बेरजेची वर्षं मोजून बाजूला ठेवा. एकूण वर्षांतलं त्यांचं प्रमाण म्हणजे `q`. उरलेल्या बेरजांवर गॅमा वितरण बसवा:

```
A     = LN(AVERAGE(x)) - AVERAGE(LN(x))
alpha = (1 + SQRT(1 + 4*A/3)) / (4*A)
beta  = AVERAGE(x) / alpha
G     = GAMMA.DIST(x0, alpha, beta, TRUE)
H     = q + (1 - q)*G
SPI   = NORM.S.INV(H)
```

इथे `x` म्हणजे जुन्या वर्षांच्या शून्य नसलेल्या बेरजा आणि `x0` म्हणजे यंदाची बेरीज. मागच्या प्रश्नातली पहिली जागा घेऊ. सरासरी 320, लॉगची सरासरी 5.70, शून्य वर्ष एकही नाही. 320 चा लॉग 5.768, म्हणून `A` 0.068 येतो, `alpha` सुमारे 7.5 आणि `beta` सुमारे 43. `x0` 190 ठेवला की `G` 0.12 च्या आसपास येतो आणि एसपीआय साधारण उणे 1.2.

चुका सूत्रात क्वचितच होतात, नोंदींत होतात. सगळ्यात घातक चूक म्हणजे नोंद न घेतलेला दिवस शून्य पाऊस म्हणून भरणं. असा महिना जुन्या काळात घुसला, तर तिथला नेहमीचा पाऊस खोटा कमी ठरतो आणि आजचा दुष्काळ सौम्य दिसतो. तो आजच्या महिन्यात घुसला, तर नसलेला दुष्काळ उभा राहतो. पर्जन्यमापक हलवला असेल किंवा शेजारी झाडं वाढली असतील, तर त्या वर्षापासून सगळे आकडे एका बाजूला झुकतात. शेजारच्या केंद्राची चालती बेरीज आडव्या अक्षावर आणि आपली उभ्या अक्षावर काढली, की त्या वर्षी रेषेचा उतार मोडलेला दिसतो. ही तपासणी गणित सुरू करण्याआधी करा.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. 30 वर्षांच्या नोंदींतून उणे 2.5 आणि उणे 3 यांतला फरक सांगता येत नाही. त्या टोकाला प्रत्यक्ष वर्षं नसतात, फक्त बसवलेल्या वक्राचं शेपूट असतं.

6. एक महिना, तीन महिने की बारा महिने? कोणती खिडकी घ्यायची?

कशाबद्दल निर्णय घ्यायचा आहे त्यावर ते ठरतं. वरच्या मातीतल्या ओलीशी एक ते तीन महिन्यांचा एसपीआय बऱ्यापैकी जुळतो. मध्यम नदीशी साधारण तीन ते बारा, आणि मोठ्या साठ्यांशी व भूजलाशी बारा ते चोवीस महिन्यांचा जुळतो. ही फक्त सुरुवात आहे. नोंदी असतील तर 1 ते 24 महिन्यांच्या प्रत्येक खिडकीचा आपल्या नदीच्या किंवा विहिरीच्या आकड्यांशी सहसंबंध काढा आणि ज्या खिडकीशी तो सर्वांत जास्त येतो ती घ्या.

लांब खिडकीत एक चकवा असतो. बारा महिन्यांचा एसपीआय या महिन्यात वाढला, म्हणजे या महिन्यात चांगला पाऊस झाला असं नाही. वर्षापूर्वीचा एखादा अतिकोरडा महिना खिडकीबाहेर गेला, तरी आकडा वर चढतो. चढ दिसला की आत आलेला आणि बाहेर गेलेला, दोन्ही महिने पाहा.

7. कोरड्या ऋतूत थेंबही पडला नाही, तरी एसपीआय ‘जवळपास सामान्य’ कसा दाखवतो?

कारण त्या महिन्यात पाऊस न पडणं हेच तिथलं नेहमीचं आहे. समजा, एखाद्या महिन्यात 100 पैकी 40 वर्षांत शून्य पाऊस पडतो. यंदा शून्य पडला तर प्रश्न 5 मधला `H` 0.40 येतो आणि एसपीआय उणे 0.25. त्या महिन्यात यापेक्षा खाली आकडा जाऊच शकत नाही, कारण शून्याखाली पाऊस नसतो.

गणित बरोबर आहे, पण दुष्काळ ओळखायला ते तिथे निरुपयोगी आहे. कोरड्या ऋतूत एक महिन्याचा एसपीआय नकाशावर देऊच नये. मागचा पूर्ण पावसाळा पोटात घेईल एवढी खिडकी, म्हणजे सहा किंवा नऊ महिने, वापरावी. उलटी फसगतही होते. अशा महिन्यात 5 मिमीची सर पडली तरी आकडा उडी मारून वर जातो आणि शेताला तिचा काहीच उपयोग नसतो.

8. पाऊस तेवढाच, पण ऊन कडक. एसपीआयमध्ये ते का दिसत नाही?

कारण त्यात फक्त पाऊस आहे. बाष्पीभवनाची मागणी धरायची असेल, तर पावसातून ती वजा करून उरलेल्या शिलकीवर तसाच निर्देशांक काढतात. त्याला एसपीईआय म्हणतात आणि तो 2010 मध्ये मांडला गेला. त्याआधी 1965 मध्ये पामर यांनी पाऊस, तापमान आणि मातीचा साठा एकत्र धरून आपला निर्देशांक केला होता. तो आजही वापरात आहे, पण त्याची कालखिडकी बदलता येत नाही आणि बर्फाळ भागात तो चुकतो.

एसपीईआय वापरताना बाष्पीभवनाची मागणी कोणत्या सूत्राने काढली आहे ते आधी विचारा. फक्त तापमानावर चालणारं सूत्र वारा, आर्द्रता आणि सूर्यप्रकाश पाहत नाही. शिवाय मागणी म्हणजे प्रत्यक्ष उडालेलं पाणी नव्हे. माती आधीच कोरडी ठणठणीत असेल, तर ऊन कितीही तापलं तरी उडायला पाणीच नसतं. अशा रुक्ष जागी एसपीईआय परिस्थिती असते त्याहून वाईट दाखवू शकतो.

9. हंगामाचा पाऊस सरासरीइतका झाला, मग पीक का वाळलं?

हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. उत्तर मातीच्या साठ्यात आहे, म्हणून हिशोब पूर्ण करून दाखवतो.

पाणी निथळून गेल्यावर मातीत जेवढी ओल टिकते, ती तिची जलधारण क्षमता. ज्या ओलीखाली मुळांना पाणी ओढता येत नाही, तो कोमेजण्याचा बिंदू. या दोहोंतला फरक गुणिले मुळांची खोली, म्हणजे पिकाच्या हाताशी असलेला साठा. तो निम्मा संपेपर्यंत बहुतेक पिकं पूर्ण वेगाने पाणी घेतात. त्यानंतर ताण सुरू होतो.

दोन शेतं घ्या. पहिल्यात खोल चिकणमाती आहे, फरक 16 टक्के आणि मुळं 1 मीटर. साठा 160 मिमी. दुसऱ्यात उथळ, वाळूमिश्रित माती आहे, फरक 9 टक्के आणि मुळं 40 सेंमी. साठा फक्त 36 मिमी. दोन्हीकडे माती भरलेली असताना पावसाने 24 दिवसांचा खंड दिला आणि पिकाला रोज 5 मिमी पाणी लागतं.

पहिल्या शेतात पहिले 80 मिमी सोळा दिवस पुरतात. मग पीक हळूहळू हात आखडतं. चोविसाव्या दिवशीही ते गरजेच्या साधारण 60 टक्के, म्हणजे रोज 3 मिमी ओढत असतं. पाऊस आला की हे पीक सावरतं. दुसऱ्या शेतात 18 मिमी चौथ्या दिवशीच संपतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस साठा जवळपास शून्यावर येतो. पुढचे दहा दिवस पीक कोरड्यात उभं असतं. तो काळ फुलोऱ्याचा किंवा दाणे भरण्याचा असेल, तर नंतरच्या पावसाने पान हिरवं होतं, पण गेलेला दाणा परत येत नाही.

आता खंडानंतर दोन दिवसांत 150 मिमी पाऊस पडला असं धरा. हंगामाची बेरीज सरासरीला भिडली. पण 36 मिमीच्या भांड्यात 36 मिमीच मावतात, बाकीचं पाणी वाहून किंवा खाली झिरपून गेलं. म्हणजे पावसाच्या नोंदीत दुष्काळ नाही, नदी दुथडी भरून वाहते आहे आणि शेतात मात्र दुष्काळ आहे. मासिक आकड्यांत तर हा खंड लपूही शकतो. बारा दिवस एका महिन्याच्या शेवटी आणि बारा पुढच्याच्या सुरुवातीला आले, तर दोन्ही महिन्यांची बेरीज ठीक दिसते. म्हणून शेतीच्या दुष्काळासाठी रोजचा हिशोब ठेवावा, निदान आठवड्याचा तरी. महिन्याच्या बेरजेवर विसंबू नये.

10. मातीतली ओल प्रत्यक्ष कशी मोजायची?

खात्रीची पद्धत वजनाची आहे. मुळांच्या थरातून नमुना घ्या, लगेच हवाबंद डबीत भरा, वजन करा, 105 अंश सेल्सिअसच्या भट्टीत 24 तास वाळवा आणि पुन्हा वजन करा. डबीचं वजन वगळून ओली माती 148 ग्रॅम आणि कोरडी 125 ग्रॅम भरली, तर पाणी 23 ग्रॅम. 23 भागिले 125, म्हणजे वजनाने 18.4 टक्के.

इथे घाई करू नका. प्रश्न 9 मधल्या हिशोबाला घनफळाची टक्केवारी लागते. मातीची स्थूल घनता 1.3 असेल, तर 18.4 गुणिले 1.3, म्हणजे सुमारे 23.9 टक्के. कोमेजण्याचा बिंदू घनफळाने 18 टक्के असेल, तर 30 सेंमी थरात पिकाच्या हाती 5.9 टक्के, म्हणजे साधारण 18 मिमी पाणी आहे. वजनाची टक्केवारी तशीच वापरली असती, तर जेमतेम 1 मिमी उरलंय असं वाटलं असतं.

जमिनीत पुरलेला सेन्सर सलग नोंद देतो, पण त्याच मातीच्या वजनी नमुन्यांशी ताडून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबू नये. सेन्सरभोवती पोकळी राहिली तर तो माती आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो. क्षारयुक्त जमिनीत अनेक स्वस्त सेन्सर ती ओली दाखवतात. उपग्रहावरचे सूक्ष्मलहरी संवेदक, जसा 2015 मध्ये सोडलेला स्मॅप, वरच्या सुमारे 5 सेंमी मातीचीच ओल थेट पाहतात. मुळांच्या खोलीची ओल प्रतिमानातून काढलेली असते.

11. उपग्रहाच्या हिरवेपणाच्या नकाशावरून शेतीचा दुष्काळ ठरवता येतो का?

मदत होते, पण तेवढ्यावर ठरवू नये. एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा आकडा त्याच जागेच्या, त्याच आठवड्याच्या जुन्या किमान-कमाल आकड्यांत बसवतात:

```
VCI = 100 * (NDVI - NDVImin) / (NDVImax - NDVImin)
```

यंदा 0.38, जुना किमान 0.28 आणि कमाल 0.62 असेल, तर व्हीसीआय साधारण 29 येतो. 35 च्या खाली दुष्काळ मानण्याचा प्रघात आहे.

पण हिरवेपणा हा परिणाम आहे, कारण नव्हे. पेरणी तीन आठवडे उशिरा झाली तरी आकडा पडतो. गारपीट, कीड आणि पुरानेही पडतो. उलट, तणाने भरलेलं शेत हिरवंगार दिसतं. ओलिताखालचं पीक विहिरीचा तळ गाठेपर्यंत छान दिसतं. ढगाळ आठवड्यांचे आकडे खोटे कमी येतात. म्हणून व्हीसीआय कमी दिसला की त्याच भागाचा पावसाचा खंड आणि ओलीचा हिशोब काढावा. तिन्ही एका दिशेने बोलले तरच शेतीचा दुष्काळ म्हणावं.

12. नदीतला दुष्काळ कुठून सुरू झाला असं धरायचं?

त्यासाठी उंबरठा ठरवतात. रोजच्या प्रवाहाच्या जुन्या नोंदी उतरत्या क्रमाने लावा. 80 टक्के दिवशी ज्याच्याहून जास्त पाणी वाहतं, तो प्रवाह उंबरठा धरा. कायम वाहणाऱ्या नद्यांसाठी 70 ते 95 टक्क्यांमधला उंबरठा घेतात. प्रवाह त्याखाली गेला की दुष्काळ सुरू, वर आला की संपला. यातून तीव्रता, कालावधी आणि एकूण तूट अशा तीन गोष्टी मिळतात.

उंबरठा 12 घनमीटर प्रति सेकंद आहे आणि 35 दिवस प्रवाह सरासरी 9 राहिला असं समजा. तूट रोज 3 गुणिले 86,400 सेकंद, आणि 35 दिवसांची सुमारे 91 लाख घनमीटर. ही संख्या थेट पाणीपुरवठ्याच्या आणि साठ्याच्या हिशोबात धरता येते. निर्देशांकाने ती सोय होत नाही.

दोन अडचणी नेहमी येतात. मधेच एखादी सर पडून दोन दिवस प्रवाह उंबरठ्यावर गेला, तर एका दुष्काळाचे दोन तुकडे दिसतात. ते टाळण्यासाठी आधी दहा किंवा तीस दिवसांची सरकती सरासरी घेतात. दुसरी अडचण ऋतूची. वर्षभर एकच उंबरठा ठेवला तर दर उन्हाळ्यात दुष्काळ दिसतो. नेहमीपेक्षा कमी काय ते पाहायचं असेल तर महिन्यागणिक उंबरठा बदलावा, पाणी किती कमी पडेल ते पाहायचं असेल तर एकच ठेवावा. जी नदी वर्षातले चार महिने कोरडीच असते, तिथे वर्षभराचा 80 टक्क्यांचा उंबरठा शून्य येतो. तिथे कोरड्या दिवसांची संख्या मोजावी.

वर धरण किंवा उपसा असेल, तर मोजलेला प्रवाह निसर्गाचा नसतो. सोडलेलं पाणी वजा आणि उचललेलं पाणी मिळवून मूळ प्रवाह काढल्याशिवाय त्याला दुष्काळ म्हणू नये.

13. पाऊस 20 टक्के कमी, पण नदी निम्मी. मोजणीत चूक आहे का?

बहुधा नाही. 600 मिमी पावसातून 480 मिमी माती आणि झाडं परत हवेत सोडतात, नदीला 120 मिमी मिळतात असं धरा. पाऊस 480 मिमीवर आला, तरी झाडांची ओढ तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. ती 420 झाली, तर नदीला 60 मिमी उरतात. नदीला पाणी मिळतं ते शिलकीतून, म्हणून कपात तिच्या वाट्याला जास्त येते. जिथे पावसाचा थोडाच भाग नदीत जातो, त्या कोरड्या पाणलोटात हा परिणाम जास्त दिसतो.

14. विहिरीची पातळी 3 मीटर खाली गेली. भूजलाचा दुष्काळ मोठा आहे का?

नुसत्या मीटरवरून सांगता येत नाही. पुनर्भरण नेहमीपेक्षा 60 मिमी कमी झालं असं समजा. भेगांतच पाणी धरणाऱ्या कठीण खडकात विशिष्ट उत्पन्न, म्हणजे खडकाच्या घनफळापैकी निथळून हाती येणाऱ्या पाण्याचं प्रमाण, 2 टक्के असेल, तर पातळी 60 भागिले 0.02, म्हणजे 3 मीटर खाली जाते. 15 टक्के विशिष्ट उत्पन्नाच्या वाळूत तीच तूट फक्त 40 सेंमी दिसते. म्हणून विहिरीची तुलना तिच्याच त्याच महिन्यातल्या जुन्या नोंदींशी करावी. या तत्त्वावर 2013 मध्ये प्रमाणित भूजल निर्देशांक मांडला गेला. तो एसपीआयसारखाच वाचतात, पण त्यात खिडकी निवडावी लागत नाही, कारण मागचा पाऊस पातळीतच साठलेला असतो.

पातळी पंप बंद ठेवून, शक्यतो पहाटे, पाणी स्थिर झाल्यावर मोजावी. दुष्काळ की अतिउपसा हे ओळखायला ओल्या वर्षांकडे पाहा. चांगल्या पावसानंतर पातळी जुन्या उच्चांकाला परत येत असेल, तर मधली घट दुष्काळाची. दर ओल्या वर्षाचा उच्चांक मागच्यापेक्षा खाली येत असेल, तर तो उपसा आहे आणि निर्देशांक काढण्याआधी तो उतार वेगळा करावा लागतो. तो नाही केला, तर अलीकडचं प्रत्येक वर्ष दुष्काळी दिसतं.

15. पाऊस सरासरीइतका असूनही नदीचा दुष्काळ येऊ शकतो का?

येतो, आणि बर्फावर जगणाऱ्या नद्यांत तो ओळखीचा आहे. हिवाळा उबदार गेला की जो बर्फ साठायला हवा, तो पाऊस होऊन तेव्हाच वाहून जातो. वर्षाची बेरीज तीच राहते, पण उन्हाळ्यात वितळायला काही उरत नाही. याची उलट बाजूही आहे. थंडी लांबली, तर पाणी डोंगरावर बर्फात अडकून पडतं आणि नदी कमी वाहते. वसंतात ऊब आली की हा दुष्काळ पावसाशिवाय संपतो. दोन्हींत पावसाचा निर्देशांक गप्प असतो. म्हणून अशा पाणलोटात साठलेल्या बर्फातलं पाणी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि हंगामअखेर ते नेहमीपेक्षा कमी असणं हाच पहिला इशारा धरतात.

16. चार दिवस चांगला पाऊस झाला. दुष्काळ संपला असं म्हणता येईल का?

कोणता, ते आधी सांगावं लागेल. वरच्या मातीचा संपला असेल. खोल मुळांचा संपला की नाही, ते साठा किती रिकामा होता त्यावर आहे. प्रश्न 9 मधल्या खोल शेतात चोविसाव्या दिवशी सुमारे 110 मिमीची तूट असते, तिथे 50 मिमी पाऊस निम्माही भरत नाही. नदी सरीपुरती वर येते. पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिचा प्रवाह उंबरठ्यावर टिकला, तरच जमिनीतून पाझरून येणारं पाणी सावरलं असं समजावं. विहीर सगळ्यात शेवटी उठते. माती भरल्याशिवाय तिच्याकडे पाणी जात नाही, आणि तोवर पावसाळा संपला असेल तर तिचा दुष्काळ पुढच्या वर्षात जातो. अशा वेळी एक महिन्याचा एसपीआय अधिक 1 आणि भूजल निर्देशांक उणे 1.5, दोन्ही एकाच दिवशी बरोबर असतात. जाहीर करताना दोन्ही आकडे त्यांच्या तारखेसह शेजारी शेजारी द्यावेत, त्यांची सरासरी काढू नये.